मंत्री सभागृहात आणि मंत्री सभागृहाबाहेर

सन १९६३ मध्ये नाशिक लोकसभा मतदारसंघात एक पोटनिवडणूक जाहीर झाली आणि मतदानाचा दिवस उजाडलाच नाही. यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. चीनच्या आक्रमणाच्या धामधुमीत, नोव्हेंबर १९६२ मध्ये, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले होते. शपथ घेतली त्या दिवशी ते संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. आपली राज्यघटना याला सहा महिन्यांची सवलत देते, अधिक नाही. सहा महिन्यांत जो मंत्री संसदेचा सदस्य होणार नाही त्याचे मंत्रिपद आपोआप जाते. चव्हाण संसदेत आले, आणि लोकसभेत ते आले ते नाशिकचे प्रतिनिधी म्हणून.

आता त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये काय होते ते पाहा. अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते रॉबर्ट मॅक्‌नामारा. फोर्ड मोटार कंपनीचे प्रमुखपद सोडून ते १९६१ च्या जानेवारीत केनेडींच्या मंत्रिमंडळात आले. त्यांनी जन्मात कधी निवडणूक लढविली नव्हती. पुढे सात वर्षे मंत्री असतानाही त्यांना कोणत्याही सभागृहाचे सदस्य होता आले नसते, कारण तिथली राज्यघटना सांगते की जो सरकारी अधिकारपदावर आहे त्याने काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाचा, सदस्य असता कामा नये. एखाद्या सेनेटरला मंत्री करावयाचे असेल तर त्याला आधी सेनेटचा राजीनामा द्यावा लागतो.

खाते एकच, काळ एकच. एका देशात सभागृहाचे सदस्य झाला नाहीत तर मंत्री राहता येत नाही, दुसऱ्या देशात सदस्य राहिलात तर मंत्री होता येत नाही. राज्यशास्त्राच्या परीक्षेत दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो: संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींतील सत्ताविभाजन आणि नियंत्रण व समतोल यांची चर्चा करा. विद्यार्थी वहीत मधोमध रेघ ओढतात, डावीकडे पाच मुद्दे आणि उजवीकडे पाच मुद्दे लिहितात आणि मोकळे होतात. गुण मिळतात, नाही असे नाही. पण त्या रेघेमुळे एक गोष्ट दिसेनाशी होते. ती म्हणजे, या दोन नियमांपैकी एक स्वीकारला की मागोमाग काय काय स्वीकारावे लागते. ते आज आपण आपल्याच राज्यातील एका प्रकरणावरून पाहू या.

प्रथम थोडे मागे जाऊ. राज्याच्या सत्तेचे तीन भाग करावेत, कायदा करणारे एक, तो अमलात आणणारे दुसरे आणि तंटा सोडविणारे तिसरे, ही कल्पना १७४८ साली मॉन्तेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने आपल्या ग्रंथात मांडली. गंमत अशी की त्याने नमुना म्हणून इंग्लंडकडे बोट दाखविले, आणि नेमके त्याच काळात इंग्लंडमध्ये मंत्रिमंडळाची ती पद्धत आकार घेत होती, जिच्यात पहिले दोन भाग एकमेकांत मिसळून जातात. अमेरिकनांनी मात्र मॉन्तेस्क्यूचे म्हणणे शब्दशः मनावर घेतले.

आपल्या घटना समितीपुढेही हा प्रश्न आला होता. प्राध्यापक के. टी. शहा यांनी डिसेंबर १९४८ मध्ये एक दुरुस्ती सुचविली, की राज्याच्या तिन्ही अंगांची पूर्ण फारकत करावी. ती नामंजूर झाली. नामंजूर का झाली याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यापूर्वी महिनाभर, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना केलेल्या भाषणात सापडते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: लोकशाहीतील सरकार स्थिर असावे आणि जबाबदारही असावे, पण दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकन पद्धत स्थैर्य अधिक देते, इंग्लिश पद्धत जबाबदारी अधिक देते. अमेरिकेत सरकारचा हिशेब ठरावीक मुदतीने, निवडणुकीच्या वेळी होतो. इंग्लिश पद्धतीत तो मुदतीनेही होतो आणि रोजही होतो. प्रश्न विचारून, ठराव मांडून, तहकुबी सूचना आणून आणि शेवटी अविश्वासाचा ठराव आणून. मसुद्याने हा रोजचा हिशेब पसंत केला आहे, असे त्यांनी सांगितले.

रोजचा हिशेब हा शब्द ध्यानात ठेवा. चव्हाणांना दिल्लीला जावे लागले तेच मुळी या रोजच्या हिशेबामुळे. कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध लोकसभेत कोणताही ठराव मंजूर झाला नव्हता. पण काँग्रेस पक्षाचेच खासदार त्यांच्यावर बिथरले, आणि पंडित नेहरूंसारख्या पंतप्रधानालाही आपल्या आवडत्या मंत्र्याला जवळ ठेवता आले नाही. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, आचार्य कृपलानींनी लोकसभेच्या इतिहासातला पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. तो पडणार हे कृपलानींनाही माहीत होते. बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. तरीही सरकारला सभागृहात बसून सगळे ऐकून घ्यावे लागले आणि उत्तर द्यावे लागले. अमेरिकेत मॅक्‌नामारांवर व्हिएतनाम युद्धावरून टीकेचा भडिमार झाला, काँग्रेसच्या समित्यांनी त्यांना बोलावून तासन्‌तास प्रश्न विचारले, पण अविश्वासाचे मतदान करून त्यांना काढण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. १९६८ मध्ये ते गेले ते राष्ट्राध्यक्षांशी न पटल्यामुळे.

म्हणजे संसदीय पद्धतीत फारकत नाही म्हणून नियंत्रण नाही, असे म्हणणे बरोबर नाही. नियंत्रण आहे, किंबहुना अधिक कडक आहे. सरकारचा प्राण सभागृहाच्या मुठीत असतो. पण ज्याच्या मुठीत प्राण आहे त्याची मूठ कुणी सोडवू नये याची काळजी सरकारला अहोरात्र घ्यावी लागते. इथून पुढे आपल्या गोष्टीला सुरुवात होते.

अमेरिकेत एखाद्या सेनेटरने पक्ष बदलला तर काय होते? २००१ च्या मे महिन्यात व्हर्मॉंट राज्याचे सेनेटर जेम्स जेफर्ड्‌स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला. त्या वेळी सेनेटमध्ये दोन्ही पक्ष पन्नास-पन्नास होते आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मतावर रिपब्लिकनांचे बहुमत उभे होते. एका माणसाने जागा बदलली आणि जूनमध्ये सेनेटची सूत्रे डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. समित्यांचे अध्यक्ष बदलले, कोणते काम आधी आणि कोणते नंतर हे ठरविणारे हात बदलले. पण राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या खुर्चीला धक्कासुद्धा लागला नाही. जेफर्ड्‌स यांचे सदस्यत्वही गेले नाही, कारण तसा कायदाच तिथे नाही. आणि तो का नाही, हे आता ध्यानात येईल. तिथे सदस्याच्या मताने सरकार पडत नाही, म्हणून सदस्याच्या मताला वेसण घालण्याची गरजही पडत नाही.

आपल्याकडे एका मताने सरकार पडते. तेव्हा मत विकत घेण्याला किंमत आली. १९६७ नंतर आमदारांनी पक्ष बदलण्याची जी लाट आली ती ‘आयाराम गयाराम’ या नावाने आपल्या सर्वांच्या कानावर आहेच. तिला बांध म्हणून १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. आमदाराने आपणहून पक्ष सोडला, किंवा पक्षादेशाविरुद्ध मत दिले, तर त्याची आमदारकी रद्द होऊ शकते. म्हणजे पाहा, मंत्र्यांना सभागृहात बसविले म्हणून सभागृहाला मंत्र्यांना काढण्याचा अधिकार मिळाला. तो अधिकार मिळाला म्हणून फोडाफोडी आली. फोडाफोडी आली म्हणून पक्षादेश कायद्याने बांधला गेला. आता राहिला शेवटचा प्रश्न. आमदार फुटला की नाही हे ठरविणार कोण? परिशिष्टाने ते काम विधानसभेच्या अध्यक्षांवर सोपविले. न्यायालयावर नाही, निवडणूक आयोगावर नाही, तर त्याच सभागृहाने बहुमताने निवडलेल्या अध्यक्षांवर. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली किहोटो होलोहान प्रकरणात ही योजना उचलून धरली. मात्र असे सांगितले, की हे काम करताना अध्यक्ष हे न्यायाधिकरण असतात आणि त्यांच्या निर्णयाची न्यायालय तपासणी करू शकते.

जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात या साखळीचा प्रत्येक दुवा ताणला गेला. सरकार उद्धव ठाकरे यांचे होते. शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस या तीन पक्षांचे. २० जूनला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्यानंतर मंत्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला व तेथून गुवाहाटीला गेले. त्या वेळी विधानसभेच्या अध्यक्षांची जागा रिकामी होती. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिल्यापासून ती भरलीच गेली नव्हती. काम पाहत होते उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ, आपल्या दिंडोरीचे आमदार. ज्या खुर्चीवर आता सगळे अवलंबून राहणार होते ती सोळा महिने रिकामी होती, हे सहसा कुणी सांगत नाही. मला वाटते, पुढच्या गुंत्याचे एक मूळ तिथेच आहे.

शिवसेनेने बंडखोर आमदारांना अपात्र ठरविण्याचे अर्ज केले. झिरवाळ यांनी २५ जूनला सोळा आमदारांना नोटिसा काढल्या आणि २७ तारखेच्या सायंकाळपर्यंत उत्तर मागितले. पण त्याआधीच बंडखोर गटाने झिरवाळ यांनाच पदावरून दूर करण्याची सूचना पाठविली होती. हे डावाचे मर्म नीट समजून घ्या. अरुणाचल प्रदेशच्या नबाम रेबिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली असे म्हटले होते, की ज्या अध्यक्षांना काढण्याची सूचना प्रलंबित आहे त्यांनी आमदारांच्या अपात्रतेचा निकाल देऊ नये. तत्त्व वरवर रास्त दिसते. ज्याच्या खुर्चीचाच निकाल लागायचा आहे त्याने इतरांचा निवाडा कसा करावा? पण व्यवहारात त्याचा अर्थ असा होतो, की फुटायचे ठरविणाऱ्याने आधी एक कागद अध्यक्षांच्या टेबलावर ठेवावा आणि मग निर्धास्तपणे बाहेर पडावे. ही सूचना अनोळखी ई-मेलवरून आली, तिच्या खरेपणाची खात्री नाही, असे म्हणून झिरवाळ यांनी ती फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २७ जूनला उत्तराची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवून दिली.

मुदत वाढविणे ही तशी साधी गोष्ट. कोर्टात रोज तारखा पडतात. परंतु त्या पंधरा दिवसांत काय झाले ते पाहा. २८ जूनला राज्यपाल भगतसिंग कोश्यारी यांनी मुख्यमंत्र्यांना ३० जून रोजी बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. २९ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती देण्यास नकार दिला. त्याच रात्री ठाकरे यांनी सभागृहाला सामोरे न जाता राजीनामा दिला. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी विधानसभेचे अध्यक्ष निवडून आले, आणि ४ जुलैला नव्या सरकारने १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. ज्या सोळा जणांच्या आमदारकीचा निकाल लागायचा होता ते या दोन्ही मतदानांच्या वेळी आमदारच होते. आणि त्यांचा निकाल आता झिरवाळ देणार नव्हते, तर ज्यांच्या निवडीच्या मतदानाच्या वेळी हे सोळा जण आमदार होते ते नवे अध्यक्ष देणार होते.

तुम्ही म्हणाल, यात कुणाची बाजू खरी? तो राजकारणाचा प्रश्न झाला, आणि त्याचे उत्तर नाशिकच्या प्रत्येक पारावर वेगळे मिळेल. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. इथे नियंत्रण ठेवणारे चौघे होते: सभागृह, उपाध्यक्ष, राज्यपाल आणि न्यायालय. त्यांपैकी कुणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने ब्रेक लावला?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी दिले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते. निकाल मोठा आहे, पण त्याच्या चार गाठी आपण सोडवून घेऊ.

पहिली गाठ राज्यपालांची. न्यायालयाने सांगितले, की बहुमत चाचणी बोलावण्यास राज्यपालांकडे पुरेसा आधार नव्हता. त्यांच्यापुढे जी पत्रे होती त्यांतून आमदारांची नाराजी दिसत होती. पण सरकारचा पाठिंबा काढून घेतो, असे त्यांत कुठे म्हटलेले नव्हते. पक्षातील आपसातले भांडण मिटविण्यासाठी बहुमत चाचणीचे हत्यार वापरता येत नाही. आणि विरोधी पक्षाला सरकारने बहुमत गमावले असे वाटत होते, तर अविश्वासाचा ठराव आणण्यास त्याला कुणी अडविले होते? हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. संसदीय पद्धतीत सरकारला खाली खेचण्याचा अधिकार सभागृहाचा आहे. राज्यपालांनी तो स्वतः होऊन चालवू लागणे, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही दुसऱ्याच कुणाच्या हाती जाणे होय.

दुसरी गाठ अशी, की राज्यपाल चुकले म्हणून जुने सरकार परत येईल काय? न्यायालय म्हणाले, नाही. ठाकरे यांनी मतदानाला तोंड न देता राजीनामा दिला. स्वेच्छेने दिलेला राजीनामा न्यायालय रद्द करू शकत नाही. जागा रिकामी झाल्यावर शिंदे यांना पाचारण करणे राज्यपालांना योग्यच होते. इथे संसदीय पद्धतीचा एक कठोर नियम उघडा पडतो. मुख्यमंत्र्याचे संरक्षण न्यायालयात नाही, राजभवनात नाही. ते सभागृहातील मतमोजणीत आहे. ती मोजणी झाली असती तर तिच्यात कुणी कोणत्या पक्षादेशाविरुद्ध मत दिले याची नोंद झाली असती, आणि न्यायालयाला तपासायला काही तरी हाती राहिले असते.

तिसरी गाठ प्रतोदाची. प्रतोद म्हणजे पक्षादेश बजावणारा. नव्या अध्यक्षांनी भरत गोगावले यांना शिवसेनेचे प्रतोद म्हणून मान्यता दिली होती. न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरविली. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातील आमदारांच्या गटाचा नव्हे, असे त्याने स्पष्ट केले. हा भेद बारीक वाटतो, पण तो नसेल तर पक्षांतरबंदीचा कायदाच पोकळ होतो. बहुसंख्य आमदारांनी फुटून आपलाच प्रतोद नेमायचा आणि उरलेल्यांनाच फुटीर म्हणायचे, असा उलटा न्याय त्यातून निघेल.

चौथी गाठ मात्र न्यायालयाने सोडविली नाही, सोडविण्याचे नाकारले. सोळा आमदार अपात्र आहेत की नाहीत हे आम्हीच ठरवावे, ही विनंती त्याने मान्य केली नाही. परिशिष्टाने ते काम अध्यक्षांना दिले आहे, तेव्हा अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत ते करावे, असे सांगितले. आणि नबाम रेबियाचा नियम बरोबर आहे का, हा प्रश्न सात न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाकडे सोपविला. सत्ताविभाजनाच्या दृष्टीने पाहिले तर न्यायालय इथे आपल्या कुंपणाच्या आत राहिले. राज्यपाल चुकले हे सांगितले, अध्यक्ष चुकले हे सांगितले, पण अध्यक्षांच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसले नाही.

कुंपण पाळण्याची किंमत वेळेत मोजावी लागली. ‘वाजवी मुदत’ म्हणजे किती? मे गेला, पावसाळा गेला. सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा लक्ष घालून आधी ३१ डिसेंबर २०२३ आणि मग वाढवून १० जानेवारी २०२४ अशी तारीख ठरवून द्यावी लागली. त्या दिवशी अध्यक्षांनी निर्णय दिला: शिंदे यांचा गट हीच खरी शिवसेना, आणि दोन्ही गटांपैकी कुणाचाही आमदार अपात्र नाही. पहिल्या नोटिशीपासून या निर्णयापर्यंत साडेअठरा महिने लोटले होते. विधानसभेची मुदत त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संपायची होती. पाच वर्षांच्या सभागृहात जो निर्णय दीड वर्षाने येतो, तो चूक असो वा बरोबर, त्याचा ब्रेक म्हणून उपयोग राहत नाही. गाडी तोपर्यंत घाट उतरून गेलेली असते.

अध्यक्षांच्या जागेवर कुणी साधुपुरुष बसवला तर प्रश्न मिटेल, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. २०२२ च्या जूनमध्ये खुर्चीवर होते ते तेव्हाच्या सत्ताधारी आघाडीतले होते. जुलैमध्ये बसले ते नव्या सत्ताधारी आघाडीतले होते. माणसे बदलली, रचना तीच राहिली. ज्या बहुमताच्या भवितव्याचा निवाडा करावयाचा, त्याच बहुमताने निवाडा करणाऱ्याला निवडलेले असते. इंग्लंडमध्ये कॉमन्सचा स्पीकर निवडून येताच आपला पक्ष सोडतो, आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष बहुधा त्याच्याविरुद्ध उमेदवार उभा करीत नाहीत. म्हणून त्याला कुणाची मर्जी राखावी लागत नाही. आपल्या दहाव्या परिशिष्टातही एक कलम असे आहे, की अध्यक्षांनी निवडून आल्यावर पक्षाचे सदस्यत्व सोडले तर त्यासाठी ते अपात्र ठरणार नाहीत. १९६७ साली, म्हणजे हे परिशिष्ट येण्याच्या कितीतरी आधी, नीलम संजीव रेड्डी यांनी लोकसभेचे अध्यक्ष होताच काँग्रेसचा राजीनामा दिला होता. ती वाट मोकळी आहे. तिच्यावरून चालणारे फार थोडे.

मग अमेरिकन पद्धत घ्यावी का? हा प्रश्न आपल्याकडे दर काही वर्षांनी कुणी ना कुणी काढतो. तर तिचीही दुसरी बाजू पाहून ठेवू. तिथे आमदार फोडून सरकार पाडता येत नाही हे खरे. पण नको झालेले सरकार काढताही येत नाही. महाभियोगाचा मार्ग आहे. प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे आणि सेनेटने दोन-तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचे. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध ३५ आणि बाजूने १९ मते पडली. एक मत कमी पडले आणि ते राहिले. आजपर्यंत सेनेटने एकाही राष्ट्राध्यक्षाला असे दोषी ठरविलेले नाही. शिवाय कायदेमंडळ एका पक्षाचे आणि राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचे असले, की दोघेही म्हणतात, आम्हाला लोकांनी निवडले आहे. तंटा सोडविणारी मतमोजणी कुठेच नसते. २२ डिसेंबर २०१८ पासून २५ जानेवारी २०१९ पर्यंत, पस्तीस दिवस, खर्चाच्या मंजुरीवरून तिथली अनेक सरकारी खाती बंद पडली आणि लाखो कर्मचारी बिनपगारी राहिले. आपल्याकडे विधानसभेने अर्थसंकल्प फेटाळला तर सरकार पडते; नवे सरकार येते किंवा निवडणूक होते; कचेऱ्यांना पस्तीस दिवस कुलूप लागत नाही.

तेव्हा परीक्षेच्या उत्तरात मी विद्यार्थ्यांना रेघ ओढू नका असे सांगतो. त्याऐवजी एकच प्रश्न हातात घ्या: सरकार पाडण्याचा अधिकार कुणाला आहे? अमेरिकेत तो कुणालाच, व्यवहारात जवळजवळ नाही. म्हणून तिथे नियंत्रण हे अडविण्याचे नियंत्रण आहे. कायदा अडवा, नेमणूक अडवा, पैसा अडवा. १९८९ मध्ये सेनेटने जॉन टॉवर यांची संरक्षणमंत्रिपदाची नेमणूक ४७ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळली. चव्हाणांना अशी कोणतीही परीक्षा द्यावी लागली नव्हती. आपल्याकडे नियंत्रण हे बदलण्याचे नियंत्रण आहे. मंत्री नेमताना कुणी अडवीत नाही. पण अधिवेशनात त्याला प्रश्नोत्तराच्या तासाला उभे राहावे लागते. न्यायमंडळ मात्र दोन्ही देशांत वेगळे ठेवलेले आहे, आणि आपल्या घटनेचे पन्नासावे कलम तेवढ्यापुरती फारकत स्पष्ट शब्दांत सांगते. महाराष्ट्राच्या प्रकरणात शेवटी सर्वांच्या चुका लिहून ठेवणारे अंग तेच एक उरले, हे त्या वेगळेपणामुळेच.

आता अपात्रतेच्या निवाड्याचे काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, अध्यक्षांनी असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकालात काढावेत. दोन, हे काम अध्यक्षांकडून काढून निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील कायम न्यायाधिकरणाकडे द्यावे काय, याचा संसदेने विचार करावा. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, आणि ती करणारे सभागृह हे पुन्हा बहुमताचेच. महाराष्ट्रातील आमदारांचा निर्णय त्या तीन महिन्यांच्या सहापट वेळाने आला. ३१ जुलै २०२५ रोजी तेलंगणाच्या दहा आमदारांचे असेच रेंगाळलेले अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तिथल्या अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत घालून दिली, आणि हा निवाडा अध्यक्षांकडेच ठेवावा काय याचा फेरविचार संसदेने करावा, असे पुन्हा एकदा सांगितले.